कडेने नको, आतून: इंटिरिअर पॉइंट पद्धत सिम्प्लेक्सशेजारी ठेवून पायरीपायरीने

रेषीय प्रोग्रॅमिंगची गणितं सिम्प्लेक्सने हाताने सोडवता येणारी मंडळी इंटिरिअर पॉइंटकडे वळली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ‘आतला एक बिंदू घ्या आणि नफा वाढेल त्या दिशेने चालत सुटा’ एवढीच ही पद्धत आहे, असं त्यांना वाटतं. तसं केलं तर दोन-चार पावलांत भिंत आडवी येते आणि प्रोग्रॅम तिथेच कुथत बसतो. भिंतीपासून अंतर कसं राखायचं, पाऊल किती टाकायचं आणि कुठे थांबायचं, हा या पद्धतीचा खरा गाभा. म्हणून खाली एकच छोटं गणित घेऊन सगळे आकडे मांडले आहेत. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरं.

## १. गणित मांडून घ्या

एका सुताराकडे १० फळ्या आणि ६ तास आहेत. टेबलाला २ फळ्या आणि १ तास लागतो, नफा ३०० रुपये. खुर्चीला १ फळी आणि १ तास लागतो, नफा २०० रुपये. नफा शंभराच्या पटीत लिहू. टेबलं `x1`, खुर्च्या `x2`, उरलेल्या फळ्या `x3`, उरलेले तास `x4`:

```
max 3 x1 + 2 x2
2 x1 + x2 + x3 = 10
  x1 + x2 + x4 = 6
x1, x2, x3, x4 >= 0
```

अर्धं टेबल चालेल असं धरलं आहे. पूर्णांकांचा प्रश्न वेगळा, त्याकडे शेवटी येऊ.

सिम्प्लेक्स इथे काय करतं ते आधी पाहा. ते (०, ०) या कोपऱ्यातून निघतं. टेबलाचा नफा जास्त म्हणून आधी टेबलं वाढवतं, फळ्या संपल्या की (५, ०) वर थांबतं, तिथे नफा १५. मग दुसऱ्या कडेने (४, २) वर येतं, नफा १६. खेळ संपला. दोन पिव्हट.

इतक्या लहान गणितात सिम्प्लेक्सच सरस, यात वाद नाही. आतून जाण्याचा फायदा दिसतो तो हजारो-लाखो अटींच्या गणितात. तिथे कोपऱ्यांची संख्या बेसुमार होते, पण आतून जाणाऱ्याच्या फेऱ्या बहुतेकदा काही डझनांतच आटोपतात. मात्र त्यातली एकेक फेरी महाग असते.

## २. किमतींची बाजूही सोबत घ्या

ही पायरी लोक हमखास गाळतात. हल्लीच्या इंटिरिअर पॉइंट पद्धती मूळ गणित आणि त्याचा ड्युअल असे दोन्ही एकदमच सोडवतात. ड्युअल म्हणजे साधनांच्या किमती: एका फळीची किंमत `u`, एका तासाची `v`. अट एवढीच की टेबलात जाणाऱ्या साधनांची किंमत टेबलाच्या नफ्यापेक्षा कमी भरू नये, आणि खुर्चीचंही तसंच. प्रत्येक ठिकाणी जो जादा भाग उरतो, त्याला `s` म्हणू:

```
s1 = 2u + v - 3
s2 =  u + v - 2
s3 = u
s4 = v
```

आता चार जोड्या तयार झाल्या. टेबलांची संख्या आणि टेबलाचा जादा भाग, खुर्च्या आणि त्यांचा जादा भाग, उरलेल्या फळ्या आणि फळीची किंमत, उरलेले तास आणि तासाची किंमत. सर्वोत्तम उत्तरावर प्रत्येक जोडीचा गुणाकार शून्य असतो. फळ्या उरत असतील तर जादाच्या फळीला किंमत शून्य, हे सुतारालाही पटेल.

सिम्प्लेक्स हे गुणाकार पहिल्यापासून शून्यच ठेवतं, म्हणून ते कोपऱ्यांवर असतं. आतून जाणारी पद्धत चारही गुणाकार धन ठेवते, होता होईल तो सारखे ठेवते, आणि सगळे मिळून हळूहळू शून्याकडे नेते. गुणाकार अगदी सारखे असलेल्या बिंदूंची जी वाट तयार होते तिला सेंट्रल पाथ म्हणतात. त्या वाटेच्या आसपास राहून पुढे सरकणं हेच काम.

## ३. सुरुवातीचा बिंदू निवडा

समजा २ टेबलं, २ खुर्च्या. मग ४ फळ्या आणि २ तास उरतात. किमती `u` = १ आणि `v` = २ घेतल्या तर जादा भाग अनुक्रमे १, १, १, २ येतात. गुणाकार २, २, ४, ४. बेरीज १२.

पडताळा: मूळ नफा ३×२ + २×२ = १०. साधनांची एकूण किंमत १०×१ + ६×२ = २२. फरक १२, म्हणजे गुणाकारांच्या बेरजेइतकाच. हा फरक ड्युअलिटी गॅप. दोन्ही बाजूंच्या अटी तंतोतंत पाळलेल्या असतील तर ही बरोबरी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर चिन्हात कुठेतरी घोळ आहे, पुढे जाऊ नका.

सावधान: (०, ०) पासून सुरू करू नका. सिम्प्लेक्सच्या सवयीने हात तिकडेच जातो, पण तिथे टेबलं आणि खुर्च्या शून्य आहेत, त्यांचे गुणाकारही शून्य, म्हणजे बिंदू आत नसून भिंतीवरच असतो. ०.०००००१ टाकून पळवाट काढणंही नको. एक गुणाकार कणभर आणि दुसरा डोंगराएवढा असेल तर पहिल्याच फेरीत पाऊल इंचभर पडतं.

आणखी एक खोच: काही गणितांना आत असं काही नसतंच. ‘तास ६ पेक्षा जास्त नकोत’ आणि ‘तास ६ पेक्षा कमी नकोत’ अशा दोन वेगळ्या अटी लिहिल्या तर मधे जागा उरत नाही. अशी जोडी दिसली की सरळ एक समीकरण लिहा. तयार सॉल्व्हर अटी न पाळणाऱ्या धन बिंदूपासूनही सुरू होतात आणि वाटेत अटींमधली तूट भरून काढतात, त्यामुळे तिथे सुरुवातीचा बिंदू तुम्हाला शोधावा लागत नाही. आत जागा नसण्याची अडचण मात्र त्यांनाही छळते.

## ४. लक्ष्य ठरवा, मग दिशा काढा

आधी चुकीची दिशा पाहू. (२, २) वरून नुसतं नफ्याच्या दिशेने, म्हणजे (३, २) या प्रमाणात निघालात तर (३.२, २.८) वर तास संपतात. नफा १५.२, फळ्या ०.८ शिल्लक, आणि पुढे वाट नाही. भिंतीच्या जरा अलीकडे थांबलात तरी पुढची दिशा तीच, त्यामुळे पावलं आणखी बारीक होत जातात. सुरुवातीला म्हटलेलं कुथणं ते हेच.

योग्य रीत अशी. सध्याचा सरासरी गुणाकार १२ ÷ ४ = ३. पुढचं लक्ष्य त्याचा काही हिस्सा ठेवायचा. इथे पाचवा हिस्सा घेऊ, म्हणजे चारही गुणाकार ०.६ व्हावेत. टेबलांचा बदल `dx1`, किमतींचे बदल `du` आणि `dv`, असं करत सगळे बदल अज्ञात धरा, गुणाकार उलगडा आणि दोन बदलांचा आपसातला गुणाकार सोडून द्या. ही न्यूटनची पद्धत. उरतात ती साधी रेषीय समीकरणं. त्यातून `x` आणि `s` चे बदल काढून टाकले की फक्त किमतींच्या बदलांची दोन समीकरणं राहतात:

```
14 du + 6 dv = -7.6
 6 du + 5 dv = -4.5
```

डावीकडचे आकडे कुठून आले ते नीट पाहा, कारण सगळी मेहनत तिथेच आहे. प्रत्येक जोडीचं वजन म्हणजे `x` भागिले `s`. इथे ती २, २, ४, १ आहेत. पहिला आकडा: टेबलाला २ फळ्या म्हणून २×२×२ = ८, खुर्चीचे १×१×२ = २, उरलेल्या फळ्यांचे ४, एकूण १४. उजवीकडे प्रत्येक जोडीसाठी ‘लक्ष्य भागिले `s`, वजा `x`’ काढून त्याच अटींमधून बेरीज करायची.

उत्तर: `du` = −०.३२४, `dv` = −०.५१२. त्यावरून टेबलं +०.९१८, खुर्च्या +०.२७१. दिशा नफ्याच्या रेषेपासून वळली आहे. टेबलांकडे जास्त झुकली, कारण तासांची भिंत जवळ आहे हे वजनांना कळलं.

सावधान: या समीकरणांसाठी मॅट्रिक्सचा व्यस्त काढू नका, चोलेस्की पद्धतीने सोडवा. दर फेरीला वजनं बदलतात, पण शून्य कुठे आहेत तो नकाशा तोच राहतो. त्यामुळे ओळींचा क्रम लावण्याचं महागडं काम एकदाच करावं लागतं.

## ५. पाऊल मोजून टाका

दिशा मिळाली म्हणून पूर्ण पाऊल टाकलं तर काय होतं? टेबलाचा जादा भाग १ आहे आणि त्यात बदल −१.१५९. पूर्ण पावलाला तो −०.१५९ होतो. किमतींची अट मोडली. नवशिक्या प्रोग्रॅममध्ये सर्वाधिक दिसणारी चूक हीच. पुढच्या फेरीला वजन ऋण येतं, चोलेस्की कोसळतं किंवा आकड्यांच्या जागी `nan` दिसू लागतं, आणि माणूस दोष समीकरणांत शोधत बसतो.

म्हणून प्रत्येक घटत्या राशीसाठी ‘आत्ताचं मूल्य भागिले घट’ काढा आणि त्यातला सर्वांत लहान आकडा घ्या. किमतींच्या बाजूला तो १ ÷ १.१५९ = ०.८६३ आहे. भिंतीला टेकायचं नाही म्हणून त्याचा ०.९ हिस्सा, म्हणजे ०.७७७. वस्तूंच्या बाजूला तसा आकडा एकच्या पुढे जातो, म्हणून तिथे पूर्ण पाऊल. दोन बाजूंना दोन वेगळी पावलं चालतात. तयार सॉल्व्हर ०.९ ऐवजी ०.९९ च्या पुढचे हिस्से घेतात. शिकताना ०.९ बरा.

नवा बिंदू: २.९१८ टेबलं, २.२७१ खुर्च्या, नफा १३.२९. किमती ०.७४९ आणि १.६०२, साधनांची किंमत १७.१०. फरक १२ वरून ३.८१ वर आला.

पडताळा: गुणाकार आता साधारण ०.२९, ०.८०, १.४२, १.३०. सरासरी ०.९५. सर्वांत लहान गुणाकार सरासरीच्या जवळपास तिसरा हिस्सा आहे, म्हणजे ठीक. तो हजारावा हिस्सा झाला असता तर आपण भिंतीला चिकटलो असतो. अशा वेळी पुढच्या फेरीचं लक्ष्य पाचव्या हिश्शाऐवजी नऊ-दशांश ठेवा. फरक फारसा कमी होणार नाही, पण वाटेच्या मध्यभागी परत याल.

## ६. पुन्हा तेच, पण घाई न करता

दुसरी फेरी त्याच रीतीने केली की ४.०९४ टेबलं, १.६२३ खुर्च्या, नफा १५.५३, किमतींची बाजू १६.४७, फरक ०.९४. खुर्च्या २.२७ वरून १.६२ वर घसरल्या आणि टेबलं ४ च्या पुढे गेली, म्हणून काही चुकलं असं समजू नका. खरं उत्तर (४, २) आहे, पण वाट वळण घेत तिथे जाते. लक्ष ठेवायचं ते दोन बाजूंमधल्या फरकावर, एकेका राशीवर नाही.

पूर्ण फेरी पायथनमध्ये एवढीच:

```python
import numpy as np
A = np.array([[2., 1, 1, 0], [1, 1, 0, 1]])
c = np.array([-3., -2, 0, 0])
x = np.array([2., 2, 4, 2])
u = np.array([1., 2])
s = A.T @ u + c

def step(v, dv):
    r = [-a / b for a, b in zip(v, dv) if b < 0]
    return min(1.0, 0.9 * min(r, default=2.0))

while x @ s > 1e-8:
    t = 0.2 * (x @ s) / len(x)
    M = (A * (x / s)) @ A.T
    du = np.linalg.solve(M, A @ (t / s - x))
    ds = A.T @ du
    dx = t / s - x - (x / s) * ds
    p, d = step(x, dx), step(s, ds)
    x, u, s = x + p * dx, u + d * du, s + d * ds
    print(x[:2], u, x @ s)
```

पहिल्या दोन ओळी वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. पुढे दर फेरीला फरक साधारण पाव ते पाचव्या हिश्शावर येत जातो आणि किमती १ व १ कडे सरकतात. म्हणजे जादाची एक फळी १०० रुपयांची आणि जादाचा एक तासही १०० रुपयांचा.

पाचवा हिस्सा कशाला, लक्ष्य थेट शून्यच ठेवू, हा मोह सगळ्यांना होतो. ०.२ च्या जागी ०.० टाकून बघा. या इवल्याशा गणितात कदाचित निभावेल, पण मोठ्या गणितात गुणाकार एकमेकांपासून भरकटतात आणि पावलं आखडतात. उलट ०.९ ठेवलंत तर वाट सुरक्षित, पण फेऱ्या वाढत जातात. संजय मेहरोत्रा यांनी १९९२ मध्ये मांडलेली प्रेडिक्टर-करेक्टर युक्ती बहुतेक सॉल्व्हर वापरतात. आधी लक्ष्य शून्य धरून एक चाचणी दिशा काढायची आणि तिच्यावरून किती लांब जाता येतं ते पाहायचं. चाचणी लांब गेली तर लक्ष्य कडक, अडखळली तर सैल. त्याच फेरीत सोडून दिलेल्या बदलांच्या गुणाकाराचीही दुरुस्ती होते. चोलेस्की विघटन एकच, त्यावर दोनदा उत्तर काढायचं, म्हणून हे स्वस्तात पडतं.

## ७. थांबायचं कधी

‘नफा बदलेनासा झाला की थांबा’ हा नियम वापरू नका. भिंतीला अडकलेल्या प्रोग्रॅमचाही नफा बदलत नाही. तीन गोष्टी एकत्र पाहा: मूळ अटींतली तूट, किमतींच्या अटींतली तूट, आणि दोन बाजूंमधला फरक. फरक नफ्याच्या आकाराच्या तुलनेत मोजा. नफा कोटींत असेल तर ०.०००००००१ रुपयाचा हट्ट निरर्थक आहे.

सावधान: शेवटच्या फेऱ्यांत काही वजनं प्रचंड मोठी आणि काही नगण्य होतात, मॅट्रिक्स बिघडल्यासारखं दिसतं. ते अपेक्षितच आहे. फरक आधीच्या फेरीपेक्षा वाढायला लागला तर मात्र आकड्यांची अचूकता संपली असं समजा. तिथे आणखी फेऱ्या मारण्यापेक्षा आधी अटींचं स्केलिंग सुधारा. एक अट मिलिमीटरमध्ये आणि दुसरी किलोमीटरमध्ये लिहिलेली असणं, हे नेहमीचं कारण.

## ८. उत्तर कोपऱ्यावर आहे का ते पाहा

इथे सिम्प्लेक्सची सवय असलेला माणूस फसतो. वरच्याच गणितात टेबलाचा नफा ३०० ऐवजी २०० करा. आता दोन्हींचा नफा सारखा, म्हणून (४, २) पासून (०, ६) पर्यंतच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू सर्वोत्तम, नफा १२. सिम्प्लेक्स या दोन टोकांपैकी एक देईल. सेंट्रल पाथ मात्र कडेच्या आतल्या भागात, सुमारे १.५७ टेबलं आणि ४.४३ खुर्च्यांवर संपतो. त्या कडेवर टेबलं, खुर्च्या आणि उरलेल्या फळ्या यांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा, तो हा बिंदू.

दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. पण ‘सॉल्व्हर बदलला आणि उत्तर बदललं, म्हणजे बग’ अशी तक्रार याच्यामुळे येते. पडताळताना `x` नव्हे, नफा जुळवा.

कोपराच हवा असेल, कारण त्यात शून्य जास्त असतात आणि अंमलबजावणी सोपी जाते, तर शेवटी क्रॉसओव्हर चालवावा लागतो. आतल्या बिंदूवरून तो जवळचा कोपरा शोधून पूर्ण बेसिस देतो. गुरोबी या सॉल्व्हरमध्ये `Method=2` ने आतून जाणारी पद्धत निवडता येते आणि `Crossover=0` ने हा शेवटचा टप्पा बंद होतो. कधीकधी क्रॉसओव्हरच मूळ सोडवणुकीपेक्षा जास्त वेळ खातो. लॉगमध्ये बॅरियर, म्हणजे हीच आतून जाणारी पद्धत, संपूनही प्रोग्रॅम चालूच दिसला तर तिकडे बघा.

## ९. कोणती पद्धत कधी

पायथनच्या सायपायमध्ये दोन्ही एका शब्दाच्या फरकाने चालवता येतात, तेव्हा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्याच गणितावर मोजा:

```python
from scipy.optimize import linprog
A2, b2 = [[2, 1], [1, 1]], [10, 6]
for m in ("highs-ds", "highs-ipm"):
    r = linprog([-3, -2], A_ub=A2, b_ub=b2, method=m)
    print(m, r.x, -r.fun, r.nit)
```

मोजण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, एखादी राशी जवळपास सगळ्याच अटींत येते का. चोलेस्कीला लागणाऱ्या मॅट्रिक्समध्ये अशी एकच राशी सगळे रकाने भरून टाकते. १०,००० अटींमध्ये असणारी एक राशी १०,००० × १०,००० चा तक्ता भरते. निम्मा भाग साठवला तरी ८ बाइटच्या आकड्यांना सुमारे ४०० एमबी, आणि विघटनाचा वेळ तर विचारूच नका. चांगले सॉल्व्हर असे स्तंभ वेगळे काढतात, पण मॉडेल लिहितानाच ‘एकूण खर्च’सारखी राशी तुकड्यांत मांडली तर प्रश्नच उरत नाही.

दुसरी, तुम्ही हेच गणित थोड्याथोड्या बदलाने पुन्हापुन्हा सोडवणार आहात का. सुताराला उद्या ६ ऐवजी ४ तास मिळाले, तर ड्युअल सिम्प्लेक्स कालच्या बेसिसवरून एखाद-दोन पिव्हटमध्ये उत्तर काढतं. आतून जाणाऱ्या पद्धतीला कालचं उत्तर उपयोगी पडत नाही, उलट नडतं. ते भिंतीला चिकटलेलं असतं आणि तिथून सुरुवात म्हणजे तिसऱ्या पायरीतलीच चूक. पूर्ण टेबलं आणि पूर्ण खुर्च्याच हव्यात अशी अट घातली की प्रश्नाला झाडासारख्या फांद्या फोडत जाणाऱ्या ब्रँच अँड बाउंडमध्ये असे किंचित बदललेले हजारो प्रश्न येतात. म्हणून तिथे झाडाच्या मुळाशी बॅरियर आणि क्रॉसओव्हर, आणि फांद्यांवर ड्युअल सिम्प्लेक्स, अशी वाटणी करतात.